कार्डाच्या फोटोत पेन्सिल आणि शाई वेगळी ओळखा: सुटलेला पेंटा-३ आणि पुढे सरकलेला डीपीटी बूस्टर

प्रश्न: ताई, मी नागपुरात एका नागरी आरोग्य केंद्रात एएनएम म्हणून नवीन लागले. कळमन्याकडे भाड्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाने बाळाच्या कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आहे. आधी ते भंडारा जिल्ह्यात होते. माझ्या वाचनाप्रमाणे जन्म १९/०३/२०२४, त्यामुळे पहिला पेंटा सहा आठवड्यांच्या आत दिलेला दिसतो. तो धरायचा का? १६ महिन्यांच्या ओळीत सगळ्या तारखा आहेत, म्हणजे बूस्टर झाले. फक्त तिसरा एफआयपीव्ही दिसत नाही. बुधवारी सत्र आहे, बाळाला काय द्यायचं?

उत्तर:

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून दोनदा पाहिला, मग आणखी दोन फोटो मागवायला लावले. तुझ्या यादीतला एकही निष्कर्ष टिकत नाही. यात तुझा दोष नाही. कार्ड हातात असतं तर यातलं निम्मं तुला आपोआप कळलं असतं. फोटोत कागदाचा पोत जातो, कडा कापल्या जातात आणि पेन्सिल-शाई एकसारखी दिसते. म्हणून फोटो वाचताना क्रम बदलावा लागतो. चौकटी भरल्यात की रिकाम्या, हे सर्वांत शेवटी बघायचं.

पहिल्यांदा जन्मतारीख. बाकीचं सगळं गणित तिच्यावर उभं असतं, आणि हाताने लिहिलेल्या मराठी आकड्यांत १ आणि ९ यांचा घोटाळा नेहमीचा आहे. एकाचं शेपूट जरा वळलं की तो नऊ वाटतो. तू १९ वाचलंस. आता त्याच पानावर बीसीजीची चौकट बघ. तिथे ११/०३/२०२४ अगदी स्वच्छ लिहिलंय. झिरो पोलिओ आणि जन्माच्या वेळचा हिपॅटायटीस बी यांच्यापुढेही तीच तारीख आहे. जन्माच्या आठ दिवस आधी बाळाला बीसीजी कशी मिळेल? म्हणजे जन्म ११ मार्चचा. बाळंतपण दवाखान्यात झालं आणि तीनही लसी त्याच दिवशी दिल्या, हे आईनेही फोनवर सांगितलं.

आता पहिल्या पेंटाकडे वळू. तारीख २४/०४/२०२४. जन्म १९ मार्चचा धरला तर बाळ त्या दिवशी ३६ दिवसांचं ठरतं, म्हणून तुला डोस लवकर दिल्यासारखा वाटला. जन्म ११ मार्चचा धरला की बाळ ४४ दिवसांचं होतं. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, तेव्हा डोस वेळेत आहे. त्या दिवशीचा पोलिओ, रोटा, एफआयपीव्ही-१ आणि पीसीव्ही-१ सुद्धा वेळेत आहेत. एक आकडा चुकला असता तर चांगला दिलेला डोस आपण बाद केला असता आणि बाळाला एक सुई उगाच जास्त टोचली असती.

आणखी एक पडताळा मी कायम लावते. कार्डावरच्या तारखांचे वार काढते. तुझ्याकडचं सत्र जसं बुधवारी असतं, तसा प्रत्येक उपकेंद्राचा एक ठरलेला वार असतो. २४ एप्रिल २०२४ बुधवार, दुसऱ्या पेंटाचा २२ मे २०२४ सुद्धा बुधवार, आणि दोन्हींमध्ये बरोबर २८ दिवस. पेंटाच्या दोन डोसांत किमान चार आठवडे लागतात, तेव्हा हेही जुळलं. एखादी तारीख रविवारी आली, तर आकडा चुकीचा वाचलाय किंवा ती पल्स पोलिओची आहे, असं समजून परत बघायचं. पल्स पोलिओचे थेंब नियमित डोसांत मोजायचे नाहीत. आई म्हणते, "पोलिओ तर दर वेळी पाजतो," ते खरंच असतं. पण त्याने ओपीव्हीची चौकट भरत नाही.

इथवर सरळ होतं. खरी गुंतागुंत १४ आठवड्यांच्या ओळीत आहे, आणि तू तिच्यावरून पुढे निघून गेलीस, कारण ओळ भरलेली दिसते. त्या ओळीत पाच गोष्टी असतात: ओपीव्ही-३, पेंटा-३, रोटा-३, एफआयपीव्ही-२ आणि पीसीव्ही-२. चार चौकटींत ०३/०७/२०२४ आहे. पेंटा-३ मध्ये १९/०६/२०२४ आहे. एकाच ओळीत एकच तारीख वेगळी आणि तीही आधीची. इथे थांबायला हवं होतं. बाळ १९ जूनला पेंटासाठी आलं असतं, तर बाकीचे चार त्याच दिवशी का दिले नाहीत? आणि १९ जून म्हणजे २२ मेनंतर बरोबर चार आठवड्यांनी येणारा बुधवार. म्हणजे ती दिलेल्या डोसाची तारीख नाही, पुढच्या भेटीची तारीख आहे.

आपण पुढच्या भेटीची तारीख पेन्सिलीने लिहितो आणि डोस दिल्यावर ती खोडून शाईने खरी तारीख घालतो. कार्ड हातात असेल तर ही रीत चोख चालते. पण फोनमधलं स्कॅनचं अ‍ॅप फोटो काळा-पांढरा करतं आणि पेन्सिलीची करडी रेघ शाईइतकीच काळी होते. तुझ्याकडे आलेला पहिला फोटो तसाच होता. मी सुरुवातीच्या वर्षांत एका केंद्रात असताना झेरॉक्स प्रत बघून एका मुलीचं नाव "पूर्ण लसीकरण" मध्ये चढवलं होतं. पुढे मूळ कार्ड हातात आलं तेव्हा दिसलं की तिची नवव्या महिन्याची अख्खी ओळ पेन्सिलीची होती. त्या मुलीला गोवराची लस मिळायला माझ्यामुळे सात महिने उशीर झाला. तेव्हापासून झेरॉक्स किंवा स्कॅनवरून मी कोणाचंही नाव पूर्णमध्ये घेत नाही.

म्हणून आईला नव्याने फोटो काढायला सांगितले. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढायचं, दारात उजेडात धरायचं, फ्लॅश बंद, स्कॅन नाही, साधा कॅमेरा. एक फोटो सरळ वरून आणि एक कार्ड थोडं तिरपं करून. तिरप्या उजेडात पेन्सिलीची रेघ चकाकते, शाईची चकाकत नाही. दुसऱ्या फोटोत पेंटा-३ ची तारीख स्पष्ट चकाकली. शेजारच्या चार चौकटी निळ्या शाईच्या निघाल्या. मग आईला विचारलं, पण "पेंटा झाला का?" असं नाही. त्याला सगळ्या जणी हो म्हणतात. विचारायचं ते असं: "त्या दिवशी बाळाला किती सुया टोचल्या? कुठे टोचल्या? घरी येऊन ताप आला का?" ती म्हणाली, "त्या दिवशी बाईंनी सांगितलं की एक लस आली नाही, पुढच्या वेळी देऊ." पेंटाचा साठा त्या दिवशी संपलेला होता. पुढची वेळ आली ती थेट नवव्या महिन्यात, आणि तेव्हा मागची ओळ कोणी उलटून पाहिली नाही.

नवव्या महिन्याच्या ओळीत १८/१२/२०२४, तोही बुधवार. एमआर-१, जेई-१, पीसीव्हीचा बूस्टर आणि जीवनसत्त्व अ चा पहिला डोस, सगळं शाईत. जेईची लस सगळ्या जिल्ह्यांत नसते. जिथे त्या मेंदूज्वराचा धोका आहे तिथेच ती नियमित दिली जाते. भंडारा आणि नागपूर दोन्ही त्यात येतात, म्हणून जेई-२ इथेही पाळायची.

तिसरा एफआयपीव्ही तुला दिसला नाही, कारण तो फोटोच्या बाहेर होता. हा डोस कार्यक्रमात जानेवारी २०२३ पासून आला. त्याआधी छापलेल्या कार्डांत त्याची चौकटच नाही. जुना साठा संपेपर्यंत ती कार्डं वाटली जातात, आणि सेविका तो डोस समासात हाताने लिहितात. पहिल्या फोटोत उजवीकडचा समास कापला गेला होता. नव्या फोटोत तिथे "एफआयपीव्ही ३ – १८/१२/२४" आडवं लिहिलेलं सापडलं. म्हणून "या डोसाची चौकट दिसत नाही" आणि "चौकट रिकामी आहे" या दोन नोंदी वहीत वेगवेगळ्या करत जा. चौकट दिसली नाही तर पूर्ण पानाचा फोटो मागायचा, चारही कडा दिसतील असा.

रिकाम्या चौकटीबद्दल थोडं सांगते, कारण पुढे हे प्रश्न येतीलच. प्रत्येक रिकामी चौकट म्हणजे द्यायचा राहिलेला डोस नसतो. जन्माच्या वेळचा हिपॅटायटीस बी २४ तासांत आणि झिरो पोलिओ पहिल्या १५ दिवसांत. ती वेळ गेली की चौकट कायम रिकामीच राहणार. ते डोस ड्यू लिस्टमध्ये घालायचे नाहीत. बीसीजी मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत देता येते. रोटा आणि पीसीव्ही यांची सुरुवात पहिल्या वाढदिवसाआधी व्हायला हवी. सुरुवात झालेली असेल तर राहिलेले डोस नंतरही पूर्ण करतात. मालिका पहिल्यापासून कधीच सुरू करायची नाही. मध्ये कितीही महिने गेले तरी जिथे थांबली तिथूनच पुढे.

आता १६ महिन्यांची ओळ, जिच्यावरून तू बूस्टर झाले म्हणालीस. पाचही चौकटींत १६/०७/२०२५. बाळाला ११ जुलैला १६ महिने पूर्ण झाले, त्यानंतरचा पहिला बुधवार १६ जुलै. तिरप्या फोटोत पाचही चकाकतात. आणि फोटो नसता तरी आईच्या एका वाक्याने हे कळलं असतं. ती म्हणाली, "मोठ्याची शाळा सुरू व्हायच्या वेळी नागपूरला आलो." आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे १६ जुलैला हे कुटुंब कळमन्यातच होतं, आणि भंडाऱ्याच्या उपकेंद्राने लिहिलेल्या तारखेला बाळ तिथे गेलंच नव्हतं. इथेही कुठे गेलं नाही, कारण आईला वाटलं तारीख लिहिलीय म्हणजे झालं. तुला वाटलं तेच तिलाही वाटलं.

यू-विनवर वडिलांच्या मोबाईल नंबराने बाळ शोधायला मी तुला सांगितलं होतं. तू पाठवलेल्या नोंदीत डिसेंबर २०२४ नंतर काही नाही, आणि पेंटाचे दोनच डोस आहेत. जुन्या उपकेंद्राच्या सेविकेला फोन करून तिच्या टिकलर बॅगमधला कार्डाचा अर्धा भाग बघायला सांगितला, तिथेही पेंटा-३ पुढे शाई नाही. कार्डाचा फोटो, यू-विन आणि काउंटर फॉईल, तिन्ही जुळले. कधी हे तिन्ही जुळत नाहीत. तेव्हा शाईत लिहिलेली तारीख किंवा नोंद असेल तरच डोस झाला असं धरायचं. कुठेच लेखी काही नसेल तर झाला नाही असं धरून द्यायचा. पेंटाचा एखादा डोस जास्त झाला तर सुईच्या जागी सूज किंवा दुखणं थोडं वाढू शकतं. डोस राहून गेला तर बाळ घटसर्प-डांग्या खोकल्याला उघडं राहतं.

आता बुधवारचा निर्णय. आज ६ ऑक्टोबर २०२५, बाळ १८ महिने २५ दिवसांचं. सत्र ८ तारखेला.

पेंटा-३ द्यायचा. बाळ वर्षापेक्षा मोठं झालं म्हणून पेंटा बंद, असं समजून बऱ्याच जणी इथे डीपीटी देतात. तो नियम ज्या बाळाला वर्षाच्या आत पेंटाचा एकही डोस मिळाला नाही त्याच्यासाठी आहे. त्याला डीपीटीचे तीन डोस चार-चार आठवड्यांनी देतात. या बाळाला दोन पेंटा मिळालेत, म्हणून तिसराही पेंटाच. पेंटामध्ये घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्याबरोबर हिपॅटायटीस बी आणि हिब यांच्याविरुद्धही लस आहे. पेंटाच्या जागी डीपीटी दिली की या दोघांचा तिसरा डोस कायमचा राहून जातो, आणि कार्डावर मात्र ओळ भरलेली दिसते.

डीपीटीचा बूस्टर बुधवारी द्यायचा नाही. पेन्सिलीने १६ जुलैची तारीख आहे, बाळाचं वयही १६ ते २४ महिन्यांत बसतं, म्हणून हात आपोआप तिकडे जाईल. पण बूस्टर पेंटा-३ नंतर किमान सहा महिन्यांनी द्यायचा असतो, आणि पेंटा-३ आत्ता होतोय. ८ ऑक्टोबरला दिला तर बूस्टर ८ एप्रिल २०२६ किंवा त्यानंतर. तोही बुधवारच आहे. तेव्हा बाळ दोन वर्षं २८ दिवसांचं असेल. २४ महिने उलटले म्हणून घाबरू नको. डीपीटी सात वर्षांपर्यंत देता येते. उशीर मान्य, पण अंतर कमी करायचं नाही.

एमआर-२, जेई-२, पोलिओचा बूस्टर आणि जीवनसत्त्व अ चा दुसरा डोस मात्र बुधवारीच. यांना पेंटाची वाट बघायची गरज नाही. जीवनसत्त्व अ चा पहिला डोस १ मिली होता, आता २ मिली. पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत. म्हणजे बुधवारी बाळाला तीन सुया (पेंटा, एमआर, जेई) आणि तोंडाने दोन गोष्टी. नेहमीच्या १६ महिन्यांच्या भेटीतही डीपीटी धरून तीनच सुया असतात, फक्त डीपीटीच्या जागी पेंटा आलाय. आईला हे आधी सांग. "इतक्या सुया एकदम कशाला?" म्हणून एमआर पुढच्या वेळी ढकलू नकोस. या कुटुंबाची पुढची वेळ कुठे असेल सांगता येत नाही. दिवाळीला गावी जातील, हंगामाप्रमाणे काम बदलेल.

बाळाला बुधवारी जोराचा ताप असेल, दवाखान्यात भरती करण्याइतकं आजारी असेल, किंवा आधीच्या पेंटानंतर झटके आले असतील, तर सुई देण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखव. साधी सर्दी किंवा थोडा खोकला असेल तर थांबायचं कारण नाही. मी फोटोवरून जे वाचलं ते यादी बनवायला पुरतं, सुई उचलायला नाही. मूळ कार्ड सत्रावर आणायला सांग आणि सगळ्या चौकटी परत एकदा हातात घेऊन बघ.

एक वेगळी गोष्ट सांगून ठेवते. नागपुरात बऱ्याच घरी कार्डाबरोबर खासगी डॉक्टरांची छोटी पुस्तिका असते, आणि फोटो एकाचाच येतो. "दुसरा कुठला कागद आहे का?" हे दर वेळी विचार. तिथे सहा-इन-वन लसीचं स्टिकर असेल तर ते पेंटा आणि इंजेक्शनचा पोलिओ या दोन्हींसाठी धरायचं, नवव्या महिन्याचा एमएमआर हा एमआरच्या जागी धरायचा. रोटाचे दोनच डोस लिहिलेले असतील तर लगेच तिसरा सुटला म्हणू नकोस. खासगीत मिळणारी एक रोटा लस दोनच डोसांत पूर्ण होते. स्टिकरवरचं नाव वाच, नाहीतर पुस्तिकेवरच्या डॉक्टरांना फोन कर. या बाळाच्या घरी तशी पुस्तिका नव्हती.

बुधवारी डोस दिल्यावर पेंटा-३ च्या चौकटीतली पेन्सिल आधी पूर्ण खोड, मग शाईने ०८/१०/२०२५ लिही. १६ महिन्यांच्या ओळीत एमआर, जेई, पोलिओ आणि जीवनसत्त्व अ यांच्या चौकटींतली १६/०७ खोडून तीच तारीख शाईने. डीपीटी बूस्टरच्या चौकटीतलीही १६/०७ खोड आणि पेन्सिलीने ०८/०४/२०२६ घाल. शेजारी बारीक अक्षरात "पेंटा-३ उशिरा, ८ ऑक्टोबर" असं लिहून ठेव, म्हणजे एप्रिलमध्ये हे कुटुंब कुठल्याही गावात असलं तरी तिथल्या सेविकेला अंतर कळेल. तेच तुझ्या काउंटर फॉईलवर आणि यू-विनवर. समासातला एफआयपीव्ही-३ काउंटर फॉईलवरही उतरवून घे. आणि आईच्या समोर बोट ठेवून दाखव की ही करडी तारीख म्हणजे यायचं आहे, ही निळी म्हणजे झालं.